पूर्ण नोंदींवर एक ऑड्स रेशो, इम्प्युटेशननंतर दुसराच: चूक नेमकी कुठे आहे ते शोधताना

ही अडचण माझ्याकडे इतक्यांदा येते की तिचं वर्णन मी आता पाठ सांगू शकतो. कोहॉर्टचा डेटा हाती आहे, प्रश्न साधा आहे: धूम्रपान आणि हृदयविकाराचा झटका यांचा संबंध किती. पण धूम्रपानाचा रकाना निम्म्याहून जास्त रिकामा आहे. आधी रिकाम्या ओळी वगळून लॉजिस्टिक रिग्रेशन चालवलं, ऑड्स रेशो आला 2.25. मग गाइडने सांगितलं म्हणून इम्प्युटेशन केलं, म्हणजे रिकाम्या जागा बाकी माहितीवरून अंदाजाने भरल्या, तर तोच आकडा 1.76 वर उतरला. आता पेपरमध्ये कोणता द्यायचा?

बरेच जण इथे 1.76 निवडतात. कारण ऐकलेलं असतं की ओळी वगळणं ही जुनी, चुकीची पद्धत आणि इम्प्युटेशन ही सुधारलेली. या उदाहरणात 2.25 बरोबर आहे आणि 1.76 चूक. पण म्हणून ओळी वगळणं सुरक्षित ठरत नाही, कारण याच डेटात पूर्ण नोंदींवरून काढलेली झटक्याची जोखीम साफ चुकते. आकडे हातात घेतले की हे स्पष्ट दिसतं, म्हणून एक छोटा डेटासेट मांडतो. हेच दोन आकडे यावेत असा तो मी रचलेला आहे. यात खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे आणि कोणती पद्धत त्यापासून किती ढळते ते मोजता येतं.

## खरं उत्तर माहीत असलेला डेटा

2000 माणसं. त्यातली 500 धूम्रपान करणारी, 1500 न करणारी. धूम्रपान करणाऱ्यांपैकी 100 जणांना झटका आला, 400 जणांना नाही. न करणाऱ्यांपैकी 150 जणांना आला, 1350 जणांना नाही. म्हणजे जोखीम 20 टक्के आणि 10 टक्के, ऑड्स रेशो 100 × 1350 भागिले 150 × 400, म्हणजे 2.25.

आता धूम्रपानाची माहिती गहाळ करू. झटका आलेल्या माणसाची हिस्टरी डॉक्टर नीट विचारतात, त्यामुळे त्यांच्यात फक्त 20 टक्के नोंदी रिकाम्या राहिल्या. ज्यांना काही झालं नाही त्यांच्यात 60 टक्के रिकाम्या राहिल्या. प्रत्येक गटात धूम्रपान करणारा आणि न करणारा यांची नोंद राहून जाण्याची शक्यता सारखीच. हाती उरलं ते असं:

| | धूम्रपान आहे | धूम्रपान नाही | नोंद नाही |
|---|---|---|---|
| झटका आला | 80 | 120 | 50 |
| झटका नाही | 160 | 540 | 1050 |

पूर्ण नोंदींवरचा ऑड्स रेशो: 80 × 540 भागिले 120 × 160, म्हणजे पुन्हा 2.25. निम्म्याहून अधिक माणसं गेली तरी आकडा जागचा हलला नाही. केस-कंट्रोल अभ्यासात आपण आजारी माणसं जास्त प्रमाणात घेतो आणि तरीही ऑड्स रेशो बरोबर येतो, त्याचंच हे रूप आहे. नोंद राहून जाणं फक्त आउटकमवर, म्हणजे इथे झटक्यावर, अवलंबून असेल तर लॉजिस्टिक मॉडेलमधला धूम्रपानाचा कोएफिशिएंट बिघडत नाही, बिघडतो तो इंटरसेप्ट.

आणि इंटरसेप्ट बिघडला की जोखीम बिघडते. वरच्या तक्त्यात धूम्रपान करणाऱ्यांमध्ये झटक्याचं प्रमाण 240 पैकी 80, म्हणजे 33.3 टक्के दिसतं. खरं 20 आहे. न करणाऱ्यांमध्ये 660 पैकी 120, म्हणजे 18.2 टक्के, खरं 10. रिस्क रेशो 2 ऐवजी 1.83. ज्याला जोखमीचा फरक किंवा प्रेडिक्शन मॉडेल द्यायचं आहे त्याने या पूर्ण नोंदींवर विसंबलं तर सगळ्यांची जोखीम जवळपास पावणेदोन पटीने फुगेल. तेव्हा ‘ओळी वगळल्या तर बायस येतो का?’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी विचारायला हवं की तुम्ही काढताय काय, ऑड्स रेशो की जोखीम.

## 1.76 कुठून आला

आता इम्प्युटेशन. ज्यांनी हे केलं होतं त्यांनी धूम्रपानाची पोकळी भरताना झटक्याचा रकाना मॉडेलमधून मुद्दाम बाहेर ठेवला होता. कारण विचारलं तर उत्तर प्रामाणिक होतं: “आउटकम वापरून एक्स्पोजर भरलं तर आपणच संबंध तयार केल्यासारखं होईल ना?” ही शंका अगदी स्वाभाविक आहे आणि जवळजवळ प्रत्येकाला पहिल्यांदा येते. पण ती उलट दिशेने चुकवते.

करून बघू. नोंद असलेल्या 900 जणांपैकी 240 धूम्रपान करणारे, म्हणजे 26.7 टक्के. आउटकमकडे न बघता भरायचं तर रिकाम्या प्रत्येक ओळीत हीच शक्यता लागणार. झटका आलेल्या 50 रिकाम्या ओळींत साधारण 13 धूम्रपान करणारे पडतील आणि 37 न करणारे. झटका नसलेल्या 1050 ओळींत 280 आणि 770. बेरीज केली की झटका आलेल्यांत 93 आणि 157, झटका नसलेल्यांत 440 आणि 1310. ऑड्स रेशो 93 × 1310 भागिले 157 × 440. उत्तर 1.76.

भरलेल्या 1100 ओळींमध्ये धूम्रपान आणि झटका यांचा काहीच संबंध नाही, कारण आपण तो संबंध न बघता आकडे टाकले. म्हणजे खरा संबंध असलेल्या 900 ओळींमध्ये संबंध नसलेल्या 1100 ओळी मिसळल्या. परिणाम पातळ होणारच. आउटकम बाहेर ठेवणं म्हणजे तटस्थ राहणं नाही, ‘या ओळींत संबंध शून्य आहे’ असं गृहीत धरणं आहे.

आउटकम घेऊन भरलं तर काय होतं? झटका आलेल्यांमध्ये नोंद असलेल्या 200 पैकी 80, म्हणजे 40 टक्के धूम्रपान करणारे. 50 रिकाम्या ओळींत 20 पडतील. झटका नसलेल्यांत 700 पैकी 160, म्हणजे जवळपास 23 टक्के, तेव्हा 1050 मध्ये 240. बेरीज: 100, 150, 400, 1350. मूळ तक्ता जसाच्या तसा परत आला. ऑड्स रेशो 2.25, जोखीम 20 आणि 10. पूर्ण नोंदींनी जे हरवलं होतं, म्हणजे जोखीम, तेही मिळालं.

इम्प्युटेशनमध्ये चूक फक्त नवख्यांच्या हातून होते असंही नाही. 2007 साली बीएमजेमध्ये ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून तयार केलेलं क्यूरिस्क हे हृदयविकाराच्या जोखमीचं मॉडेल प्रसिद्ध झालं. कोलेस्टेरॉलच्या सुमारे 70 टक्के नोंदी गहाळ होत्या आणि मल्टिपल इम्प्युटेशन, म्हणजे रिकाम्या जागा अनेकदा भरून निकाल एकत्र करण्याची पद्धत, वापरलेलं होतं. मॉडेलमध्ये एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांच्या गुणोत्तराचा हृदयविकाराशी जवळपास काहीच संबंध दिसेना. अनेक दशकांच्या पुराव्याशी हे इतकं विसंगत होतं की वाचकांनी लगेच प्रश्न विचारले. लेखकांनी तपासून सांगितलं की फक्त पूर्ण नोंदींवर पाहिलं तर स्पष्ट संबंध दिसतो आणि इम्प्युटेशनची पद्धत सुधारल्यावरही तसाच दिसतो. 2009 मध्ये बीएमजेमध्येच मल्टिपल इम्प्युटेशनमधल्या खाचखळग्यांवर जो लेख आला, त्यात हे उदाहरण घेतलेलं आहे. मला त्यातून एक सवय लागली: इम्प्युटेशननंतर एखादा सर्वमान्य संबंध 1 कडे सरकला की आधी इम्प्युटेशन मॉडेल उघडून बघायचं, नवा शोध लागला असं नंतर.

## तपासणी: या क्रमाने बघा

सगळ्यात आधी, जे गहाळ आहे ते डेटात गहाळ म्हणूनच लिहिलंय का? 9, 99, 999, −1 अशा खुणा फॉर्ममध्ये ‘माहिती नाही’ साठी वापरलेल्या असतात आणि सॉफ्टवेअर त्यांना खरे आकडे समजतं. प्रत्येक रकान्याची कमाल, किमान आणि वारंवारता बघायला पाच मिनिटं लागतात. 999 हा सिस्टोलिक रक्तदाब इम्प्युटेशनमध्ये शिरला तर पुढचं काहीच सावरता येत नाही.

मग मूळ फॉर्म बघा, आणि हे मी आग्रहाने सांगतो. स्प्रेडशीटमधली रिकामी चौकट आणि कागदावरची रिकामी चौकट यांचा अर्थ वेगळा असू शकतो. एका प्रकल्पात मी केसपेपरांचा गठ्ठा घेऊन बसलो होतो. धूम्रपानापुढे ज्यांच्या ‘हो’ होतं तिथे ठळक अक्षरात रोजच्या सिगारेटींचा आकडा लिहिलेला, आणि बाकीच्यांपुढे बहुतेक ठिकाणी काहीच नाही. ‘नाही’ असं लिहिलेले कागद शोधावे लागत होते. लिहिणाऱ्याच्या लेखी रिकामी जागा म्हणजेच ‘नाही’. डेटा एंट्रीत मात्र तिचं ‘गहाळ’ झालं. अशा डेटात नोंद असलेल्यांमधलं धूम्रपानाचं प्रमाण पाहून पोकळी भरली तर न ओढणाऱ्यांच्या तोंडी सिगारेट देणं होतं. कुठलंही सॉफ्टवेअर हे तुम्हाला सांगणार नाही, फॉर्म भरणाऱ्या व्यक्तीशी बोलूनच कळतं.

त्यानंतर, रिकामं राहणं कशाशी जोडलेलं आहे ते मोजा. नोंद आहे की नाही असा एक रकाना बनवा आणि त्यावर आउटकम आणि इतर गोष्टी टाकून रिग्रेशन चालवा. खाली `mi` म्हणजे झटका आणि `smoke` म्हणजे धूम्रपान:

```r
d$smk_miss <- as.integer(is.na(d$smoke))
summary(glm(smk_miss ~ mi + age + sex,
            data = d, family = binomial))
```

आउटकमचा कोएफिशिएंट मोठा असेल तर पूर्ण नोंदींवरची जोखीम, रिस्क रेशो, किंवा लिनिअर रिग्रेशनमधला उतार यांवर विश्वास ठेवू नका. ऑड्स रेशो कदाचित तगेल, पण त्यासाठी आउटकम आणि एक्स्पोजर यांनी मिळून नोंद ठरवलेली नसावी, आणि त्याकडे मी पुढे येतो. उलट, रिकामं राहणं फक्त वय, लिंग अशा मॉडेलमध्ये असलेल्या गोष्टींवर अवलंबून असेल तर पूर्ण नोंदींच्या रिग्रेशनमध्ये बायस येत नाही, फक्त माणसं कमी होतात आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल रुंदावतो. ही किंमत मात्र कधी कधी मोठी असते. दहा रकाने, प्रत्येकात 5 टक्के पोकळी, एकमेकांशी संबंध नसलेली: पूर्ण ओळी उरतात फक्त 60 टक्के.

मग इम्प्युटेशन चालवलं असेल तर कोणता रकाना कशावरून भरला ते छापून बघा. आर मधल्या `mice` पॅकेजमध्ये हे एका ओळीचं काम आहे:

```r
library(mice)
d$smoke <- factor(d$smoke)
dd <- d[, c("smoke", "mi", "age", "sex", "prev_smoke")]
imp <- mice(dd, m = 60, maxit = 20, seed = 4127)
imp$predictorMatrix["smoke", ]
fit <- with(imp, glm(mi ~ smoke + age + sex,
                     family = binomial))
summary(pool(fit), conf.int = TRUE,
        exponentiate = TRUE)
```

`predictorMatrix` च्या `smoke` या ओळीत `mi` खाली 1 दिसला पाहिजे. 0 असेल तर तुमचा 1.76 सापडला. इथे अजून दोन गोष्टी हमखास सापडतात. रुग्णाचा आयडी क्रमांक डेटात तसाच राहिलेला असतो आणि पॅकेज त्याला प्रेडिक्टर म्हणून वापरत असतं. म्हणून वर मी लागणारेच रकाने निवडून घेतले आहेत. आणि धूम्रपान 0/1 असा साधा आकडा म्हणून ठेवलेलं असतं; फॅक्टर केलं की दोन पर्यायांच्या रकान्यासाठी लॉजिस्टिक पद्धत आपोआप लागते. `prev_smoke` म्हणजे आधीच्या भेटीतली नोंद. ती अंतिम मॉडेलमध्ये नाही, तरी भरताना घेतली आहे, कारण आत्ताचं उत्तर काय असेल हे तिच्याइतकं चांगलं दुसरं काही सांगत नाही. असे मदतनीस रकाने मिळाले तर सोडू नका.

`m` म्हणजे भरलेले किती संच करायचे, आणि त्याची डिफॉल्ट किंमत 5 आहे. 55 टक्के ओळी अपूर्ण असताना ती फार कमी पडते. ढोबळ नियम असा की जितके टक्के ओळी अपूर्ण तितके संच तरी करावेत, म्हणून वर 60. आणि एकदाच भरून तो संच खरा डेटा समजून वापरू नका. भरलेल्या आकड्यांची अनिश्चितता त्यात धरलीच जात नाही, त्यामुळे स्टँडर्ड एरर खोटा लहान येतो. अनेक संचांचे निकाल एकत्र करताना डोनाल्ड रुबिन यांच्या नियमाने प्रत्येक संचाच्या आतली आणि संचासंचांमधली अनिश्चितता दोन्ही मोजली जाते. `pool` तेच करतं.

आउटकम ‘झटका आला की नाही’ एवढाच नसून ‘किती काळाने आला’ असा असेल, म्हणजे कॉक्स मॉडेल असेल, तर भरताना काय घ्यायचं यावर लोक अडतात. झटक्याचा हो/नाही रकाना आणि नेल्सन-आलेन पद्धतीने काढलेला क्युम्युलेटिव्ह हॅझार्ड असे दोन्ही घ्या. नुसता वेळ टाकून भागत नाही.

```r
d$cumhaz <- nelsonaalen(d, time, mi)
```

काही जण या सगळ्यातून सुटका म्हणून रिकाम्या ओळींना ‘माहिती नाही’ असा तिसरा गट देतात. कोणीही वगळलं जात नाही म्हणून हे बरं वाटतं. पण धूम्रपान हा कन्फाउंडर असेल, म्हणजे दुसऱ्याच एखाद्या संबंधात घोळ घालणारा घटक असेल, तर त्या तिसऱ्या गटात ओढणारे आणि न ओढणारे मिसळलेले राहतात आणि तिथे कन्फाउंडिंग तसंच शिल्लक राहतं. नोंदी निव्वळ योगायोगाने गहाळ झाल्या असल्या तरीही. निरीक्षणात्मक अभ्यासात हा मार्ग मी कोणाला सुचवत नाही.

गहाळ असलेला रकाना आउटकमचाच असेल आणि बाकी सगळं पूर्ण असेल, तर इम्प्युटेशनने साधारण काही मिळत नाही. पूर्ण नोंदींचं रिग्रेशन तेच सांगतं. आउटकमबद्दल जास्तीचं काही सांगणारा मदतनीस रकाना हाती असेल तरच कष्ट घ्या.

## पूर्ण नोंदी बरोबर, इम्प्युटेशन चूक

इथवर वाचून कोणी ठरवेल की आउटकम घेऊन इम्प्युटेशन केलं की झालं. म्हणून तोच 2000 माणसांचा डेटा वेगळ्या प्रकारे गहाळ करून दाखवतो.

समजा धूम्रपान करणारे सांगायला टाळतात. झटका आलेला असो वा नसो, धूम्रपान करणाऱ्यांपैकी निम्म्यांची नोंद नाही, न करणाऱ्यांपैकी फक्त 10 टक्क्यांची नाही. हाती उरतं: झटका आलेल्यांत 50 आणि 135, झटका नसलेल्यांत 200 आणि 1215. रिकाम्या ओळी अनुक्रमे 65 आणि 335.

पूर्ण नोंदींवर जोखीम: 250 पैकी 50, म्हणजे 20 टक्के. 1350 पैकी 135, म्हणजे 10 टक्के. ऑड्स रेशो 2.25. सगळं बरोबर. नोंद राहून जाणं एक्स्पोजरच्याच किमतीवर अवलंबून आहे, पण एकदा धूम्रपान माहीत झालं की आउटकमचा त्याच्याशी संबंध उरत नाही, म्हणून धूम्रपानाच्या प्रत्येक गटात जोखीम जशीच्या तशी राहते.

आउटकम घेऊन, नियमानुसार इम्प्युटेशन केलं तर? झटका आलेल्यांत नोंद असलेल्या 185 पैकी 50 म्हणजे 27 टक्के धूम्रपान करणारे, म्हणून 65 मध्ये 18 पडतील. खरे होते 50. झटका नसलेल्यांत 335 मध्ये 47 पडतील. खरे होते 200. बेरजेनंतर धूम्रपान करणाऱ्यांत 315 पैकी 68, जोखीम 21.6 टक्के, न करणाऱ्यांत 1685 पैकी 182, 10.8 टक्के. ऑड्स रेशो इथेही 2.25 च्या आसपास राहतो, पण जोखीम सरकली, आणि धूम्रपानाचं प्रमाण 25 टक्क्यांऐवजी 16 टक्क्यांच्या खाली आलं. हे प्रमाण मात्र पूर्ण नोंदींवरही चुकतंच.

1976 मध्ये रुबिन यांनी गहाळ होण्याच्या ज्या तीन तऱ्हा वेगळ्या केल्या, त्यांतली ही तिसरी: जे गहाळ आहे त्याची स्वतःचीच किंमत गहाळ होण्याला कारण. नेहमीचं इम्प्युटेशन दुसरी तऱ्हा धरून चालतं, म्हणजे जे दिसतंय ते लक्षात घेतल्यावर उरलेलं गहाळपण योगायोगाचं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य ऐकून अनेकांची समजूत होते की पूर्ण नोंदींना पहिली तऱ्हा, निव्वळ योगायोग, लागतेच. वरचा हिशेब तसं नसल्याचं दाखवतो. रिग्रेशनमध्ये कोव्हेरिएट गहाळ असताना, कधी कधी इम्प्युटेशनपेक्षा पूर्ण नोंदींची अट सैल असते.

## दोन्ही जुळले तरी

आता सगळ्यात त्रासदायक प्रकार. झटका आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांची नोंद जवळपास कधीच चुकत नाही, कारण ती प्रत्येकाच्या लक्षात राहते: त्यांच्यात 95 टक्के नोंदी आहेत. बाकी तिन्ही गटांत 60 टक्के. हाती उरतं 95, 90, 240, 810. ऑड्स रेशो 95 × 810 भागिले 90 × 240, म्हणजे 3.56. खरा 2.25. आउटकम घेऊन इम्प्युटेशन करा: झटका आलेल्यांत 185 पैकी 95, म्हणजे 51 टक्के, 65 रिकाम्यांत 33 पडतात, आणि ऑड्स रेशो येतो 3.54. दोन्ही पद्धती एकमेकींशी छान जुळल्या आणि दोन्ही चूक आहेत.

पेपरांमध्ये ‘इम्प्युटेशननंतरही निकाल तसाच आला, म्हणून तो भक्कम आहे’ हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला हा तक्ता आठवतो. जुळणं हा पुरावा नाही. आउटकम आणि एक्स्पोजर मिळून नोंद ठरवत असतील तर दोन्ही पद्धती एकाच दिशेने ढळतात, आणि समोरच्या डेटात तसं घडतंय हे सिद्ध करणारी कुठलीही चाचणी नाही. कारण ज्याची तुलना करायची तेच गहाळ आहे.

इथे दोनच मार्ग उरतात. पहिला, बाहेरून माहिती आणणं. नोंद नसलेल्यांपैकी काहींना पुन्हा फोन करणं, किंवा रक्ताचे नमुने साठवलेले असतील तर त्यांच्यात कोटिनिन मोजणं. कोटिनिन हा निकोटीनपासून शरीरात बनणारा पदार्थ. गेल्या काही दिवसांत तंबाखू घेतली का ते तो सांगतो, दहा वर्षांपूर्वी सोडली का ते नाही. रिकाम्या ओळींपैकी यादृच्छिकपणे निवडलेल्या पन्नास-शंभर जणांची अशी माहितीही इम्प्युटेशनच्या गृहीतकांपेक्षा जास्त मोलाची असते.

दुसरा मार्ग म्हणजे गृहीतक मुद्दाम हलवून बघणं. वरच्या डेटात इम्प्युटेशन म्हणतं की झटका आलेल्या 65 रिकाम्या ओळींत 33 धूम्रपान करणारे आहेत. झटका नसलेल्यांची भरलेली संख्या तशीच ठेवली, म्हणजे 400 आणि 1350, आणि फक्त हा 33 कमी करत नेला:

| 65 पैकी धूम्रपान करणारे | ऑड्स रेशो |
|---|---|
| 33 | 3.54 |
| 20 | 2.88 |
| 5 | 2.25 |
| 0 | 2.07 |

शेवटची ओळ बघा. या 65 पैकी एकानेही कधी सिगारेट ओढली नसती तरी ऑड्स रेशो 2 च्या वरच राहिला असता. म्हणजे संबंध आहे हे इथपर्यंत टिकतं, पण त्याचा आकार 2 की 3.5 हे हा डेटा सांगू शकत नाही. झटका नसलेल्यांची 700 रिकाम्या ओळींतली संख्याही अशीच हलवायला हवी. ती संख्या मोठी असल्याने तिथे थोडासा बदलही आकड्यात उतरतो. रक्तदाबासारख्या सलग मोजमापात हेच काम भरलेल्या किमतीत 5 किंवा 10 मिलिमीटर मिळवून करतात, आणि किती मिळवल्यावर निष्कर्ष उलटतो ते नोंदवतात. `mice` मध्ये त्यासाठी `post` हा पर्याय आहे. कितीपर्यंत हलवायचं हे मात्र कोडमध्ये ठरत नाही. त्यासाठी फॉर्म कसे भरले गेले हे जाणणाऱ्या माणसाला विचारा आणि त्याने दिलेली मर्यादा निकाल बघण्याआधी लिहून ठेवा.

ज्यांनी 2.25 आणि 1.76 घेऊन विचारलं होतं, त्यांच्या पेपरच्या मेथड्स विभागात शेवटी चार गोष्टी गेल्या: प्रत्येक रकान्यात झटका आलेल्या आणि न आलेल्या गटांत वेगवेगळं किती टक्के गहाळ, फॉर्म बघून आणि विचारून कळलेलं गहाळ होण्याचं कारण, इम्प्युटेशन मॉडेलमध्ये कोणकोणते रकाने होते (आउटकमसह, नावानिशी) आणि किती संच केले, आणि वरच्यासारखा हलवून पाहिलेला तक्ता. 1.76 काढून टाकला. आउटकम आत घेतल्यावर नवा आकडा 2.25 च्या जवळ आला, आणि जोखीम त्याच संचांवरून काढून दिली.